पाच टक्के म्हणजे किती?

नवसाक्षरांसाठी लिहायला बसणाऱ्याला पहिला सल्ला ठरलेला असतो: शब्द लहान घ्या, जोडाक्षरे टाळा. 1959 साली साताऱ्यातून सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेपासून आजच्या ‘उल्लास’ कार्यक्रमापर्यंत आपण माणसांना अक्षरओळखीपर्यंत आणले. ओळखीच्या शब्दापासून अक्षराकडे जाणारी प्रवेशिका आता चांगली रुळली आहे. 17 मार्च 2024 रोजी राज्यात ‘उल्लास’ची 150 गुणांची परीक्षा झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50 गुण होते. ती परीक्षा देऊन आलेल्या बाईच्या हाती पुढे काय पडते, हे पाहिले की या लेखनाची खरी अवस्था कळते.

परभणी जिल्ह्यात तिच्या हाती बहुधा शेतीचा कागद पडतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीचेच, आणि तिथून हवामानावर आधारित कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा निघतो. अशा सल्ल्यांत नेहमी भेटणारे एक वाक्य घेऊ: ‘पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी.’ सहा शब्द, एकही बोजड नाही. लहान शब्दांच्या नियमात हे वाक्य सहज उत्तीर्ण होते. तरीही ते वाचून फवारणी करता येत नाही, कारण सगळे अवघड काम ‘पाच टक्के’ या दोन शब्दांत दडले आहे. पाच टक्के कशाचे? किती पाण्यात? लिहिणाऱ्याने आपले गणित वाचणाऱ्याच्या डोक्यावर ठेवले आहे.

हेच वाक्य उलगडून लिहू:

‘वाळलेल्या निंबोळ्या 5 किलो घ्या. कुटून बारीक करा. बादलीत 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजू द्या. सकाळी फडक्याने गाळा. गाळलेले पाणी 9 लिटरपेक्षा कमी भरले, तर साधे पाणी घालून 9 लिटर करा. 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा. ते गाळलेल्या पाण्यात मिसळा. हा झाला 10 लिटर अर्क. फवारताना 1 लिटर अर्काला 9 लिटर साधे पाणी घ्या. पंप 15 लिटरचा असेल, तर दीड लिटर अर्क आणि साडेतेरा लिटर पाणी.’

सहा शब्दांचे साठ-सत्तर झाले, आणि तरीही मजकूर सोपा झाला. टक्केवारी गेली, लिटर आले. प्रत्येक वाक्यात हाताने करायचे एकच काम उरले, आणि कामे ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने वाक्ये आली. पंपाचे माप तर वाचणाऱ्याच्या पाठीवरचेच आहे. पाच किलो निंबोळ्यांचा अर्क पाण्यासह शेवटी 100 लिटर होतो, म्हणून तो पाच टक्के. हा हिशेब लिहिणाऱ्याने आपल्या टेबलावरच संपवायचा असतो.

इथे एक मोह होतो. ‘अर्क’ला रफार आहे, मग घराघरात चालणारा ‘काढा’ का लिहू नये? कारण काढा म्हटला की बाई भांडे चुलीवर ठेवणार, आणि निंबोळीतला कीड रोखणारा गुण उष्णतेने कमी होतो. ओळखीचा शब्द आपल्याबरोबर ओळखीची कृतीही घेऊन येतो. ती चुकीची असेल, तर ‘अर्क’ ठेवावा आणि पुढे ‘उकळू नका’ असे स्पष्ट लिहावे.

शब्दांच्या लांबीवरून अवघडपणा ठरवणे दुसऱ्या बाजूनेही फसते. ‘मृद’ हा शब्द आखूड, पण वावरात त्याला कोणी ओळखत नाही. तिथे ‘माती’ असते, आणि ओल हवी तेवढी असली की ‘वापसा’ असतो. उलट, जनाबाईंच्या गंगाखेडच्या परिसरात हरिपाठ म्हणत वय झालेल्या आजीला ‘निर्गुण’ किंवा ‘प्रपंच’ हे शब्द अडवत नाहीत. कान आधी तयार असतो. डोळ्याने त्या आवाजाला कागदावर गाठायचे असते. वयस्क वाचकाकडे शब्दांचा हा साठा असतो, आणि आपली नवसाक्षर पुस्तके तो नसल्यासारखीच लिहिली जातात. म्हणून ती पुष्कळदा लहान मुलांची वाटतात.

बोलीचा प्रश्न मी असा सोडवीन. ‘पाऊस यायलाय’सारखी इथली क्रियापदे कागदावर आणण्याचा हट्ट नको, कारण बँकेची पावती आणि बसची पाटी तिला प्रमाण मराठीतच वाचायची आहे. पण नामे इथलीच हवीत. ‘आंतरमशागत’ लिहिण्याऐवजी ‘कोळपणी’, ‘खुरपणी’ लिहावे. त्यात दोन वेगळी कामेही वेगळी कळतात.

या लेखनाची मोठी उणीव मात्र शब्दांत नाही, तपासणीत आहे. मजकूर तज्ज्ञ तपासतो, मुद्रितशोधक तपासतो, आणि ज्याच्यासाठी लिहिला तो वाचक छापून झाल्यावर तो पहिल्यांदा पाहतो. त्यातही ‘समजलं का?’ असे विचारले, की समोरची बाई भिडेखातर ‘हो’ म्हणते. कागद तिच्या हाती द्यावा, वाचू द्यावा, मग बादली पुढे ठेवून विचारावे, ‘मावशी, आता आधी काय कराल?’ तिचा हात जिथे थांबेल, ते वाक्य पुन्हा लिहायचे.