झपाटलेल्या वास्तूची कादंबरी : गॉथिक वातावरण

एखादी जुनी वास्तू आणि तिच्यात वावरणारी अगम्य शक्ती यांभोवती जिचे कथानक गुंफलेले असते, अशी कादंबरी. गॉथिक कादंबरीची ही एक शाखा होय. प्रत्यक्ष भुतापेक्षा वातावरण हेच तिचे बळ असते. हे वातावरण प्रामुख्याने तीन घटकांनी सिद्ध होते : स्थळाची रचना, हवामान आणि वाचकापासून हेतुपूर्वक राखून ठेवलेली माहिती. यांपैकी तिसरा घटक सर्वांत महत्त्वाचा असून पहिल्या दोहोंचा उपयोग त्याच्यासाठीच होत असतो. अंधार, वादळ, करकरणारी दारे व घुबडे यांची नुसती गर्दी केली म्हणजे वातावरण निर्माण होते, हा समज या प्रकारातील असंख्य सामान्य कृतींना बाधला आहे.

हॉरस वॉल्पोल याच्या द कासल ऑफ ओट्रँटो (१७६४) या कादंबरीपासून या परंपरेचा आरंभ मानतात. तीत आकाशातून कोसळणारे प्रचंड शिरस्त्राण पहिल्याच काही पृष्ठांत वाचकाला दाखविले जाते; त्यामुळे आश्चर्य वाटते, पण भीती टिकत नाही. अ‍ॅन रॅडक्लिफ हिने याच्या उलट मार्ग पत्करला. द मिस्टरीज ऑफ उडोल्फो (१७९४) या तिच्या कादंबरीत नायिका एमिली किल्ल्यातील एका दालनात काळा पडदा बाजूला करते, आतील दृश्य पाहते आणि मूर्च्छित पडते. तिने काय पाहिले, हे वाचकाला सांगितले जात नाही. कादंबरी संपत आल्यावर ती एक मेणाची आकृती होती, असा खुलासा केला जातो. या एका प्रसंगात माहिती राखून ठेवण्याचे सामर्थ्य आणि तिचा दोष ही दोन्ही एकत्र आढळतात. पडद्यामागील वस्तूचे कुतूहल शेकडो पृष्ठे टिकते, हे सामर्थ्य. परंतु एमिलीच्या मनातील बारीकसारीक विचार वाचकाला उघड करणारी लेखिका तिने डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट तेवढी लपविते; म्हणजे येथे रहस्य वास्तूने राखलेले नसून लेखिकेने राखलेले आहे. शेवटी मेणाची आकृती पुढे आली, की वाचकाला सुटका वाटण्याऐवजी फसवणूक झाल्यासारखे वाटते. पात्राला जे ठाऊक आहे ते वाचकापासून दडविणे निराळे आणि जे कोणालाच नीट ठाऊक नाही त्याची मोजकीच चिन्हे दाखविणे निराळे. पुढील काळातील श्रेष्ठ कृतींनी दुसरा मार्ग स्वीकारला. हेन्‍री जेम्सच्या द टर्न ऑफ द स्क्रू (१८९८) या लघुकादंबरीत शिक्षिकेला दिसणाऱ्या आकृती खऱ्या की तिच्या मनाचा खेळ, याचा निर्णय अखेरपर्यंत होत नाही. कारण सांगणारी तीच आहे आणि तिच्याबाहेर दुसरा साक्षीदार नाही.

या तंत्राचा सर्वांत बारकाईने अभ्यास करण्याजोगा नमुना म्हणजे शर्ली जॅक्सन (१९१६–६५) या अमेरिकन लेखिकेची द हाँटिंग ऑफ हिल हाउस (१९५९) ही कादंबरी. डॉ. माँटेग्यू हा संशोधक एक बदनाम वाडा उन्हाळ्यापुरता भाड्याने घेतो आणि पूर्वी कधी अलौकिक अनुभव आलेल्या व्यक्तींना तेथे बोलावतो. त्यांपैकी एलिनॉर व्हान्स ही बत्तीस वर्षांची अविवाहित स्त्री. अंथरुणाला खिळलेल्या आईच्या शुश्रूषेत तिची अकरा वर्षे गेली आहेत. आई नुकतीच वारली आहे.

वाड्याची रचना लेखिका जवळजवळ गवंड्याच्या काटेकोरपणाने सांगते. तो सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी ह्यू क्रेन याने बांधला. त्याचा एकही कोन काटकोन नाही. प्रत्येक कोन किंचित चुकलेला आहे आणि त्यामुळे पायऱ्या एका बाजूला नकळत कललेल्या आहेत. उघडी ठेवलेली दारे आपोआप मिटतात, याचे कारणही डॉक्टर हेच देतो. म्हणजे दार मिटण्याच्या घटनेचे तर्कशुद्ध स्पष्टीकरण वाचकाला आधीच मिळालेले असते, पण त्याने भीती कमी न होता वाढते. भुताने लावलेल्या दारापेक्षा, ज्याने बांधले त्याच्याच विकृत मनाप्रमाणे मिटणारे दार अधिक अस्वस्थ करते. शिवाय घरातील अंतरे व दिशा यांच्याविषयी वाचक साशंक झाला, की पुढे कोणता आवाज कोठून आला, हे त्याला खात्रीने ठरविता येत नाही. स्थळाची रचना माहिती राखण्याच्या कामी येते ती अशी.

हवामानाचा उपयोग तर रूढ अपेक्षेला सरळ धक्का देतो. कथा जूनअखेरीस सुरू होते. एलिनॉर वाड्याकडे येते ती लख्ख उन्हात. थंडी आहे, पण ती बाहेर नसून घरात, बालकांच्या खोलीच्या दारासमोरील एका ठराविक जागेत आहे. या योजनेचा कळस पुढील प्रसंगात दिसतो. एलिनॉर व तिची सोबतीण थिओडोरा रात्री वाड्याच्या आवारातील वाटेने चालत असतात. हळूहळू आकाश व झाडे यांचे रंग छायाचित्राच्या उलट्या प्रतीसारखे पालटतात आणि त्यांच्यासमोर अचानक भर उन्हातील हिरवळ उलगडते. तीवर एक कुटुंब वनभोजनाला बसले आहे, मुले खेळत आहेत. तेवढ्यात थिओडोरा मागे वळून पाहते व किंकाळी फोडून पळत सुटते. तिने मागे काय पाहिले, हे कादंबरीत कोठेही सांगितलेले नाही. रॅडक्लिफच्या पडद्याशी याची तुलना उद्‌बोधक ठरते. येथे वाचक एलिनॉरच्या मनात आहे, थिओडोराच्या नव्हे. एलिनॉरने मागे पाहिले नाही, म्हणून वाचकालाही दिसले नाही. लपवाछपवीचा दोष लेखिकेला लागत नाही.

मात्र खरे राखून ठेवलेले गुपित भुताचे नाही. भिंतीवर ठोके पडू लागतात, त्या रात्री अर्धवट झोपेतील एलिनॉरला आपली आईच ठोठावते आहे, असे वाटते. वाचक याला झोपेचा भ्रम समजून पुढे जातो. बऱ्याच नंतर, कादंबरीच्या उत्तरार्धात, ती बोलून जाते की, आईने औषधासाठी भिंत ठोठावली त्या रात्री आपल्याला जाग आली नाही. किंवा कदाचित आली असेल आणि आपण पुन्हा झोपी गेलो असू. या कबुलीनंतर मागील सर्व ठोके निराळे ऐकू येतात. ते वाड्याचे होते की तिच्या अपराधी मनाचे? ती बारा वर्षांची असताना तिच्या घरावर तीन दिवस दगडांचा वर्षाव झाला होता, ही गोष्ट तर आरंभीच सांगून टाकलेली असते. दोन्ही शक्यतांना तिचा सारखाच आधार मिळतो. दुसऱ्या वाचनात असे आढळते की, आवश्यक ते सर्व पहिल्यापासून समोर होते, फक्त त्यांचा संबंध जोडून दाखविलेला नव्हता. माहिती प्रामाणिकपणे राखली आहे की नाही, हे ओळखण्याची याहून चांगली कसोटी नाही. दुसऱ्या वाचनात जी कादंबरी पोकळ वाटते, तिने बहुधा पहिल्या वाचनात लबाडी केलेली असते.

मराठीत या प्रकाराला अनुकूल अशी एक कल्पना भाषेतच मुरलेली आहे. वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, म्हणून घरात अभद्र बोलू नये, ही समजूत म्हणजे घर ऐकते, असे मानणे होय. वास्तुशांत करून मगच राहावयास जाण्याची प्रथाही हेच सुचविते. असे असूनही मराठी भयसाहित्याला वास्तूपेक्षा व्यक्ती, विधी व मांत्रिक यांचे आकर्षण अधिक राहिले. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. त्यांच्या काही कृती इंग्रजी कादंबऱ्यांवर बेतलेल्या असून लुचाई ही स्टीफन किंग याच्या सेलम्स लॉट (१९७५) या कादंबरीवर आधारलेली आहे. अशा रूपांतरात कथानक सहज येते, पण हवामान सहजी येत नाही. धुके, गारठा व लवकर मावळणारा सूर्य ही उत्तरेकडील देशांची सामग्री मराठी वाचकाच्या अनुभवाशी जुळत नाही. कोकणातील पाऊस व दाट झाडी ही तिच्या सर्वांत जवळची. म्हणून मराठी भुताला कोकणात घर मिळाले, असे म्हणता येईल. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कोंडुरासारख्या (१९६६) कादंबरीने त्या प्रदेशाचा गूढपणा वेगळ्या, अधिक गंभीर हेतूने वापरला.

तथापि गॉथिक वातावरण अंधारावरच अवलंबून नसते, हे मान्य केले तर खानदेशाचा विचार करावा लागतो. जळगाव, भुसावळ या भागांत मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास व कधी त्याहून वर जाते. भर दुपारी गल्ल्या ओस पडतात, काळ्या जमिनीला भेगा जातात, शिवारात वावटळी उठतात. लोकसमजुतीतही भुताची वेळ केवळ मध्यरात्र नाही. भर दुपारी बारा वाजता विहिरीवर किंवा पिंपळाखाली जाऊ नये, असे सांगतात. येथील जुनी धाब्याची घरे जाड मातीच्या भिंतींची व थोड्या, लहान खिडक्यांची असतात. उन्हातून आत शिरणाऱ्याला काही क्षण काहीच दिसत नाही. आत बसलेल्याला मात्र तो उंबरठ्यावर स्पष्ट दिसतो. आत असणाऱ्याला दिसावे व येणाऱ्याला दिसू नये, ही भयकथेतील मूलभूत स्थिती येथे ऊन व भिंत मिळून रोज दुपारी घडवितात.

या सामग्रीचे वाङ्‌मयीन मोल ओळखले ते कादंबरीकाराने नव्हे, तर कवीने. धरणगाव येथे जन्मलेल्या बालकवी ठोंबरे (१८९०–१९१८) यांच्या ‘पारवा’ या कवितेत एक उद्ध्वस्त धर्मशाळा आहे, तिच्यावर बसून एकटा पारवा घुमत आहे, आणि वेळ आहे माध्यान्हीची. तीत भूत नाही, आणि तिला भयकविता म्हणणे अन्यायाचे होईल. तिचा भाव खिन्नतेचा आहे. परंतु पडकी वास्तू, डोक्यावर थांबलेला सूर्य, उष्ण वारे आणि राखून ठेवलेली माहिती हे चारही घटक तीत पूर्णपणे उपस्थित आहेत. धर्मशाळा हे मुळात अनेकांच्या मुक्कामाचे, गजबजीचे ठिकाण. ती कोणी बांधली, केव्हा व कशाने ओस पडली, याविषयी कवी अक्षरही बोलत नाही. ‘फुलराणी’ लिहिणाऱ्या कवीच्याच हातून ही कविता उतरली, याचे नवल पुष्कळांना वाटते. वस्तुतः दोन्हींत ऊनच आहे; एकीत ते कोवळे सकाळचे आहे, दुसरीत डोक्यावर आलेले.

कवितेला जे थोड्या ओळींत साधते, ते कादंबरीच्या विस्तारात टिकविणे कठीण असते. दुपार टळते, संध्याकाळी अंगणात बाजा पडतात, शेजारी बोलू लागतात आणि घराचा एकांत मोडतो. वाडा गावाच्या पांढरीत असेल, तर हाकेच्या अंतरावर माणसे असतात. हिल हाउसची राखणदारीण मिसेस डडली पाहुण्यांना बजावते की, अंधार पडल्यावर येथे हाक ऐकायला कोणी नसते, तशी सोय खानदेशी गावात नाही. त्यामुळे येथील कादंबरीकाराला पात्रांचे एकाकीपण अंतराने नव्हे, तर शेजाऱ्यांच्या मौनाने घडवावे लागेल : घराविषयी सर्व गावाला ठाऊक आहे, आणि नव्याने राहावयास आलेल्यालाच कोणी काही सांगत नाही. येथे ठाऊक असलेली गोष्ट लेखक लपवीत नसून गाव लपविते. आणि वाचकाला नवागताइतकेच कळत असल्याने ही राखण रॅडक्लिफच्या पडद्याच्या दोषातूनही सुटते.