सोबत यादी जोडली आहे

पुण्यात एका फ्लॅटमध्ये अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार राहिलेल्या माझ्या मैत्रिणीने घर सोडताना घरमालकांना लिहिलेलं पत्र माझ्यासमोर आहे. ‘श्री. काकांना सा. न. वि. वि.’ हा मायना घरगुती आहे. पुढच्याच ओळीत मात्र तारीख, वेळ, किल्ल्यांची संख्या आणि वीज मीटरचं रीडिंग येतं. करार कुठल्या दिवशी संपतो आणि ताबा कुठल्या दिवशी देते आहे, हेही तिथंच आहे.

हा कोरडेपणा मुद्दाम आणलेला आहे. मुदत संपल्यावरही ताबा न देणाऱ्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार दुप्पट भाडं भरावं लागू शकतं. म्हणून काकांशी कितीही गोडीचे संबंध असले, तरी किल्ल्या नेमक्या कधी दिल्या हे कागदावर असलेलं बरं. कायद्याचं नाव पत्रात कुठेही नाही, आणि मला ते आवडलं. कलम पुढे केलं की समोरचा माणूस वकील शोधायला लागतो.

पत्राचा खरा जीव सोबतच्या यादीत आहे. ‘ताबा घेताना’ आणि ‘ताबा देताना’ असे दोन रकाने शेजारी शेजारी, आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कशी तपासली ते. एरवी अशा यादीत ‘गीझर १, चालू’ एवढंच असतं. इथे १५ लिटरच्या गीझरबद्दल लिहिलंय, की बटण लावल्यावर दिवा लागतो, पाणी कढत होतं, पण पूर्वी साधारण वीस मिनिटांत तापायचं ते आता बराच वेळ घेतं आणि तापताना आतून खडखड ऐकू येते. सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, असं पुढे अर्धं वाक्य. टँकरचं जड पाणी म्हणजे कॉइलवर क्षारांचा थर, हे कुठलाही प्लंबर सांगेल. ती निदान करत नाही. लक्षणं सांगून थांबते. सर्व्हिसिंग आपण एकदाही करून घेतलं नाही, हेही ती लिहून टाकते. ते लिहायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

या यादीची ताकद अशा कबुल्यांतच आहे. पुस्तकांच्या फळीसाठी भिंतीला चार भोकं पाडली होती. ती पुट्टीने बुजवली आहेत, पण रंगाचा डाग वेगळा दिसतो. पाण्याच्या फिल्टरसाठी ओट्याखाली घेतलेल्या जोडाला बूच बसवलंय. रात्रभर खाली कोरडा कागद ठेवून पाहिला, ओला झाला नाही. बाल्कनीतली कपडे वाळत घालायची पुली तिची स्वतःची, ती मात्र तिथेच ठेवून जाते आहे. स्वतः पाडलेली चार भोकं मोजून देणाऱ्या बाईवर पाचव्या डागाच्या बाबतीत अविश्वास दाखवणं काकांना जड जाणार.

आणि तो पाचवा डाग आहेच. बेडरूममध्ये छताच्या कोपऱ्यात रंग फुगलाय, पोपडे निघालेत. डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापायला याहून सोयीची जागा नाही. इथे ती काय करते? ‘ही माझी जबाबदारी नाही’ असं म्हणत नाही. ओल पहिल्यांदा कधी दिसली, फोटो कोणत्या दिवशी पाठवला, आणि मे महिन्यातही तो कोपरा हाताला ओला लागत होता, एवढंच लिहिते. मेमधली ती ओल म्हणजे सगळा युक्तिवाद आहे. पावसाची गळती असती, तर उन्हाळ्यात भिंत सुकली असती. बारा महिने ओला राहणारा कोपरा वरच्या मजल्यावरच्या बाथरूमकडे बोट दाखवतो, आणि मग प्रश्न तिचा उरत नाही. काका, वरचे शेजारी आणि सोसायटी यांचा होतो.

एक परिच्छेद मात्र मी खोडला असता. आपण घर किती जपलं, दिवाळीला जाळ्या कशा धुतल्या, असं सांगत ती सरसकट रंगकामाची कपात अन्यायाची कशी, यावर भाषण देते. कपातीचा विषय काकांनी अजून काढलेलाच नाही. करारात ‘सामान्य झीज वगळून’ असं लिहिलेलं आहे, कपाटामागची भिंत उजळ आणि बाकीची मळकट हा फरक यादीत आधीच नोंदलाय; तेवढ्यावर भागलं असतं. शिवाय यादीची एक मर्यादा या भाषणाने झाकली जात नाही. ‘ताबा घेताना’चा रकाना तिने स्वतःच्या जुन्या फोटोंवरून भरलाय, त्या वेळच्या कागदावर काकांची सही कधी घेतलीच नव्हती. तो अर्धा भाग काकांनी मान्य केला तरच खरा.

म्हणूनच शेवटची विनंती नेमकी आहे: काकांनी शनिवारी यावं, यादी हातात घेऊन दोघांनी खोलीखोलीतून फिरावं, पटणार नाही तिथे काकांनी स्वतःच्या हाताने शेरा लिहावा आणि दोन्ही प्रतींवर सही करावी. काही कापायचंच असेल तर वस्तूवार आणि बिलासह. त्याखाली तिचा बँक खाते क्रमांक.