पाच रुपयांचा हिशेब

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यात बायांच्या हाताला काम देणारे जे उद्योग रुजले, त्यांत अगरबत्ती आहे. अशा एखाद्या छोट्या उत्पादकाने भाव वाढवताना पाकिटाच्या फोटोखाली काय लिहावं? रसग्रहणासाठी मीच एक नमुना रचला आहे. आकडेही नमुन्याचेच.

‘आमचं १०० ग्रॅमचं पाकीट १ ऑक्टोबरपासून ५० ऐवजी ५५ रुपयांना मिळेल. पाकिटामागे काडीचे अडीच रुपये वाढले. बत्ती वळणाऱ्या बायांची मजुरी आम्ही दीड रुपयाने वाढवली. उरलेला रुपया दुकानदाराच्या कमिशनचा. बांबूच्या जंगलात राहून काडी विकत का आणता, असं विचाराल. आमचा मानवेल या काडीला सरसकट चालत नाही. वजन आणि वास तोच. ५० रुपये छापलेली पाकिटं संपेपर्यंत ५० लाच.’

पहिलंच वाक्य भाव सांगून मोकळं होतं. एरवी अशा मजकुराची सुरुवात ‘वाढत्या महागाईमुळे नाइलाजास्तव’ अशी होते आणि आकडा तळाशी दडतो. तोवर गिऱ्हाईक सावध झालेलं असतं. इथे जुना भाव, नवा भाव, तारीख, सगळं एका दमात येतं. पुढचं वाचायला गिऱ्हाईक मोकळ्या मनाने बसतं.

खरी कारागिरी ‘उरलेला रुपया’ या शब्दांत आहे. दुकानदाराचं कमिशन छापील किमतीच्या २० टक्के धरू आणि कर बाजूला ठेवू. पन्नासाच्या पाकिटात दहा रुपये दुकानाचे, चाळीस उत्पादकाचे. खर्च चार रुपयांनी वाढला म्हणून भाव ५४ केला, तर उत्पादकाच्या हाती ४३ रुपये २० पैसे येतात. प्रत्येक पाकिटामागे ८० पैसे खिशातून जातात. भाव ५५ केला की बरोबर ४४ येतात. म्हणजे नफा रुपयात होता तेवढाच राहतो. हा रुपया लिहिला नसता, तर चोखंदळ गिऱ्हाइकाने अडीच आणि दीडची बेरीज करून विचारलं असतं, ‘मग पाच कसे?’ अमूलही दूधदरवाढीच्या निवेदनात ग्राहकाच्या रुपयातले सुमारे ८० पैसे उत्पादकाला जातात असं सांगतं. पैसा कुठे जातो ते कळलं की वाढ सोसणं सोपं जातं.

मजुरीचं वाक्य तर मुद्दाम पाहावं. ‘मजुरी वाढली’ असं म्हटलं असतं तर ती पावसासारखी आपोआप आलेली आपत्ती वाटली असती. ‘आम्ही वाढवली’ म्हटल्यावर तो निर्णय ठरतो, आणि निर्णयाची जबाबदारी लिहिणाऱ्याकडे राहते. काडीचा भाव मात्र त्याच्या हातात नाही. तिथे क्रियापद ‘वाढले’ असंच आहे.

आता बांबूचं वाक्य. जिल्ह्याबाहेरचं गिऱ्हाईक हाच प्रश्न विचारणार: चंद्रपूर-गडचिरोलीत बांबूला काय तोटा? तोटा नाही, पण इथला मुख्य बांबू मानवेल. त्याची पेरं आखूड, कांडं बरंचसं भरीव. यंत्रावर वळायची गोल काडी सरळ आणि एकसारखी लागते. मध्ये गाठ आली की ती तिथे अडते किंवा मोडते. त्यासाठी लांब पेरांचा, ईशान्येकडे होणारा बांबू सोयीचा. बरीच काडी व्हिएतनाम आणि चीनमधूनही येत असे. जून २०२० मध्ये सरकारने बांबूकाडीवरचं आयातशुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के केलं. देशात काडी करणाऱ्यांना त्याचा आधार झाला, पण काडी विकत घेऊन बत्ती वळणाऱ्याला तीच महाग पडणार हे उघड होतं. एवढं सगळं मजकुरात कोंबायचं नाही. शंका आधीच ओळखून तिला एका वाक्यात उत्तर दिलं, हे पुरे.

‘५० रुपये छापलेली पाकिटं संपेपर्यंत ५० लाच’ हे औदार्य वाटतं, पण त्याला कायद्याचीही जोड आहे. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि एरवी वाढीव किमतीचा स्टिकरही डकवता येत नाही. स्टिकर चालतो तो किंमत कमी करायला. मजकूर या बंधनाला उपकाराचा रंग देत नाही, नुसतं सांगतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तेवढ्याने हवी तर महिन्याची पाकिटं आधी भरून ठेवता येतात.

एक उणीव राहते. ‘वास तोच’ हे गिऱ्हाईक नाकाने तपासेल, वजन काट्यावर. पण काडी उद्या उतरली तर भाव उतरेल का, यावर मजकूर गप्प आहे. ‘काडी स्वस्त झाली तर बघू’ असं मोघम लिहिण्यापेक्षा हे गप्प बसणं बरं. त्याहून बरं म्हणजे, ‘संक्रांतीला काडीचा भाव पुन्हा इथेच लिहू’ एवढं एक वाक्य, आणि संक्रांतीला ते खरंच लिहिणं.