सामाजिक भांडवल : बनगरवाडीची तालीम आणि गिरणगावची खानावळ

खेड्यात आपुलकी असते आणि महानगरात अनोळखीपणा, या गृहीतावर उभी राहणारी तुलना फारशी पुढे जात नाही. ‘खेडे’ आणि ‘शहर’ ही तुलनेची एककेच मुळात फार ढोबळ आहेत. कोण कोणाकडे काय मागतो, दिलेले परत मिळण्याची हमी कशात आहे आणि ती हमी केव्हा तुटते, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच विचारले, तरच सामाजिक भांडवल ही संकल्पना उपयोगी ठरते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) औंध संस्थानातील धनगरांची वस्ती तरुण मास्तरांच्या पुढाकाराने तालीम बांधते. येथे मागितले जातात ते श्रम, आणि त्यांची हमी परस्परपरिचयात आहे. कामाला न येणाऱ्याला आपली गैरहजेरी लपवता येत नाही. जेम्स कोलमन यांनी १९८८ मध्ये बंदिस्त संबंधजालाचे जे सामर्थ्य सांगितले, ते हेच. परंतु कादंबरीच्या अखेरीस दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. परस्परांवरचा विश्वास संपला म्हणून हे घडत नाही. सर्वांवर एकाच वेळी तेच संकट कोसळल्याने कोणाकडेच देण्यासारखे काही उरत नाही. बंदिस्त जालाची मर्यादा येथे दिसते.

मुंबईच्या गिरणगावात घरगुती खानावळी चालवणाऱ्या स्त्रिया कामगारांना महिनाभर जेवू घालत आणि पैसे पगारानंतर घेत. येथे मागितली जाते ती उधारी. जेवणारे बहुधा एकाच गावाकडचे असल्याने पैसे बुडवणाऱ्याची वार्ता गावापर्यंत पोहोचे. म्हणजे महानगरातील या व्यवहाराची हमी खेड्यातच होती. त्याला ‘अनोळखी’ म्हणता येत नाही. मात्र संप झाला की सर्वांचाच पगार थांबे, आणि खानावळवालीची स्थिती दुष्काळातल्या वाडीसारखी होई. तिला सावकाराचा आधार घ्यावा लागे.

भेद दिसतो तो यानंतर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जापर्यंत नेले. त्यांनी गटाने एकमेकींची हमी घेतली. जुना परिचयच आता तारण झाला. पण पैसा मात्र गिरणीच्या पगारावर अवलंबून नसलेल्या ठिकाणाहून आला. बनगरवाडीत परिचय तितकाच दृढ आहे, परंतु संकटाच्या कक्षेबाहेरच्या संस्थेशी त्याला जोडणारा दुवा तेथे नाही.

कादंबरी आणि नागरी इतिहास ही एकाच जातीची साधने नव्हेत. माडगूळकरांच्या वाडीवरून खेड्यांचे प्रमाण काढता येणार नाही. संबंधांची यंत्रणा मात्र पाहता येते. या दोन उदाहरणांतला फरक जिव्हाळ्याच्या प्रमाणात शोधून सापडत नाही. तो जालाबाहेर जाणाऱ्या वाटांमध्ये आहे, आणि त्या वाटा प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे दाखवाव्या लागतात.