तिरक्या रेघांतली नदी

कोजागिरी उलटली की ओतूरला मांडवीचे पाणी निवळते आणि कपर्दिकेश्वराच्या खालच्या अंगाला काठाशी वाळूचा एक पट्टा उघडा पडतो. वाळू काळसर असते, कारण ती आमच्याच बेसाल्टच्या डोंगरांची झीज. तिच्यावर ओसरत्या पाण्याने बारीक वळ्या उमटवलेल्या असतात, विंचरलेल्या केसांसारख्या. एका वळीवरून वरच्या अंगाकडून बोट फिरवले तर ते हळूहळू चढत जाते आणि माथा ओलांडताच एकदम खाली घसरते. उलट दिशेने फिरवले तर आधी उभा चढ लागतो. वळीची सौम्य बाजू पाण्याच्या येण्याकडे आणि उभी बाजू त्याच्या जाण्याकडे असते. डोळे मिटूनही नदी कुठे चालली आहे ते बोटाला कळते.

ओल असतानाच खुरप्याने ती वळी प्रवाहाच्या दिशेने उभी कापली तर आत तिरक्या रेघा दिसतात. पाणी वाळूचे कण सौम्य पाठीवरून ढकलत माथ्यापर्यंत नेते. माथ्यापलीकडे प्रवाहाचा जोर तुटतो आणि कण उभ्या उतारावरून घरंगळतात. धान्याच्या राशीला जो उतार आपोआप मिळतो तोच इथेही मिळतो, साधारण तीस अंशांच्या आसपास. प्रत्येक घसरणीचा एक पातळ तिरका पापुद्रा मागे उरतो आणि पापुद्र्यावर पापुद्रा चढत अख्खी वळी पुढे सरकते. पापुद्र्यांचा कल जिकडे खाली, तिकडे पाणी गेले. सगळ्या वाचनाचा हा पहिला नियम, आणि तो मांडवीत तपासून घेता येतो, कारण इथे उत्तर समोर वाहत असते.

हा नियम घेऊन मी वालुकाश्मापुढे उभा राहिलो तो विदर्भात. आमच्या जुन्नर-आंबेगावात ती सोय नाही, इथला दगड लाव्ह्याचा. नागपूरजवळ कन्हान नदीकाठी कामठीच्या परिसरात मात्र जुन्या नद्यांची वाळू दगड होऊन उघडी पडली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरच्या परिसरातले हे खडक आणि त्यांतले वनस्पतींचे ठसे अभ्यासले. पुढे या गावाचेच नाव त्या थरांना मिळाले, कामठी. त्यांचे वय सुमारे पंचवीस कोटी वर्षे, म्हणजे आमच्या सह्याद्रीच्या बेसाल्टच्या जवळजवळ चौपट.

अशा दगडाची उभी कड आधी नुसती बघावी. पिवळट-तांबूस भिंतीवर आडव्या रेघा जातात आणि दोन आडव्या रेघांच्या मधे तिरक्या रेघांची दाट रांग असते. वीतभर ते हातभर जाडीचा असा एक पट्टा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. यालाच तिर्यक् स्तरण म्हणतात. प्रत्येक तिरकी रेघ म्हणजे वाळूच्या एका मोठ्या उंचवट्याच्या पुढच्या उतारावरची घसरण. मांडवीच्या वळीत बोटभर उंचीचे जे घडते, तेच त्या नदीच्या तळाशी गुडघाभर किंवा त्याहून उंच उंचवट्यांमध्ये घडत होते.

मग एकाच रेघेवर नजर ठेवून ती वरून खाली वाचावी. खाली येताना ती वाकत जाते आणि तळाच्या आडव्या रेघेला जवळजवळ समांतर होऊन मिळते, कारण उतारावरून आलेली बारीक वाळू पायथ्याशी पसरते. वरच्या टोकाला मात्र ती सुरीने कापल्यासारखी तुटते. मागून आलेल्या दुसऱ्या उंचवट्याने, त्याच्या पुढच्या खळग्याने, पहिल्याचा माथा खरवडून नेला आणि त्या छाटणीवर आपली वाळू रचली. म्हणून दगडात दिसणारा पट्टा हा उंचवट्याचा उरलेला पाया असतो, मूळ उंचवटा त्याहून उंच होता. वरची बाजू कापलेली आणि खालची वाकून मिळालेली, एवढ्यावरून थर सुलटा आहे की उलटा हेही कळते. घड्या पडलेल्या डोंगराळ मुलखात, जिथे थर उलथलेले असू शकतात, तिथे ही खूण आधी बघावी लागते. उलटा थर सुलटा समजून वाचला तर दिशा चुकते.

आता अवघड जागा. भिंतीवर रेघा डावीकडे उतरताना दिसतात म्हणून पाणी डावीकडे गेले, असे म्हणता येत नाही. भिंत म्हणजे त्या उताराचा एक काप. घराच्या उतरत्या छपराला आडव्या दिशेने काप दिला तर त्यात उतार दिसतच नाही, थोडा तिरका दिला तर खरा उतार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. कापात दिसणारा कल खऱ्या कलापेक्षा कधीच जास्त नसतो. म्हणून दगडाचा कोपरा शोधावा, जिथे दोन बाजू काटकोनात भेटतात. दोन्ही बाजूंवरचा कल मोजला की खरा पृष्ठभाग कुठे उतरतो ते ठरवता येते. त्याहून चांगले म्हणजे पापुद्रा जिथे सपाट उघडा पडला आहे तिथे त्यावर होकायंत्र आणि कलमापक ठेवून उताराची दिशा सरळ वाचणे. पाण्याचे दोन थेंब सोडले तरी ते जिकडे ओघळतात तीच दिशा. थर नंतरच्या हालचालीत बरेच कलले असतील, तर आधी ते मूळ आडव्या स्थितीत आणल्याचा हिशेब करावा लागतो.

दुसरी अडचण आकाराची. वाळूचे उंचवटे नेहमी सरळ भिंतीसारखे नसतात, बहुतेकदा त्यांच्या पुढे पळीच्या खोलगटासारखे खळगे असतात आणि पापुद्रे त्या खोलगटाला धरून वळतात. अशा थराची प्रवाहाला आडवी भिंत पाहिली तर डावीकडून आणि उजवीकडून आत उतरणाऱ्या रेघा दिसतात आणि नदी दोन दिशांना वाहिली असा भास होतो. हा भास ओळखायचा तर वरून बघावे. पाऊस-वाऱ्याने घासलेल्या सपाट पृष्ठभागावर याच पापुद्र्यांच्या चंद्रकोरी एकात एक बसलेल्या दिसतात. कोरीची पोकळ बाजू ज्या दिशेला उघडते, ती प्रवाहाची दिशा. एका कोरीचा मधला अक्ष हा कडेच्या दहा मापांपेक्षा जास्त विश्वासाचा.

तरीही एक माप म्हणजे नदी नव्हे. नदी वळते, तिच्या वाळूपट्ट्यांवर पाणी कडेला ओढते. म्हणून अनेक मापे घेऊन सरासरी काढायची, आणि इथे साधे गणित फसवते. समजा पाच ठिकाणी उताराची दिशा ३००, ३२०, ३४०, ० आणि २० अंश आली, उत्तर म्हणजे शून्य धरून. बेरीज ९८०, भागिले पाच, उत्तर १९६ अंश. म्हणजे जवळजवळ दक्षिण. पण पाचपैकी एकही बाण दक्षिणेकडे नाही. चूक अशी की अंश वर्तुळावर फिरतात आणि ३६० नंतर पुन्हा शून्यावर येतात, साध्या सरासरीला ते कळत नाही. म्हणून प्रत्येक मापाला एक पाऊल मानायचे आणि पाच पावले एकामागून एक टाकायची. उत्तरेकडचा हिस्सा मिळून ४.१५ पावले होतो, पश्चिमेकडचा १.५१. सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा बाण ३४० अंशांकडे, म्हणजे उत्तर-वायव्येला जातो आणि त्याची लांबी ४.४१ पावले भरते. पाच पावले टाकून ४.४१ इतके पुढे गेलो, म्हणजे मापे बऱ्यापैकी एकमताची. हीच लांबी एक-दीड पाऊल भरली असती, तर सरासरी दिशा कागदावर निघाली तरी तिच्यावर विसंबता आले नसते.

तरंगचिन्हे या वाचनात उशिरा येतात. ती वालुकाश्माच्या सपाट पृष्ठभागावर सापडतात आणि डोळ्यांना सगळ्यात आधी भुलवतात. पहिली तपासणी बाजूंची. दोन्ही उतार सारखे असतील आणि माथे सरळ असतील तर ती लाटांनी, पुढे-मागे हलणाऱ्या पाण्याने झाली. त्यांच्यावरून काठ कोणत्या रेषेत होता याचा अंदाज येतो, प्रवाहाची दिशा मिळत नाही. एक बाजू उभी असेल तर प्रवाह होता आणि तो उभ्या बाजूकडे गेला. पण तो प्रवाह कोणता? मांडवीच्या पट्ट्यावर पूर ओसरतानाच्या शेवटच्या तासांत उरलेले पाणी पट्ट्याच्या कडेने खालच्या डबक्याकडे उतरते, तिथल्या वळ्यांनी दाखवलेली दिशा नदीला जवळजवळ आडवी असते. दगडात हीच शेवटची वळी टिकली तर ती ओसरत्या पाण्याची गोष्ट सांगेल, पुराची नाही. मोठ्या तिर्यक् थरांची दिशा आणि त्यांच्या माथ्यावरच्या तरंगांची दिशा जुळत नसेल तर मोठ्या थरांना मान द्यावा. पुराच्या भर प्रवाहाने ते रचलेले असतात.

कामठीच्या दगडात आणखी एक फसवणूक आहे. त्यात लोह भरपूर, आणि पाणी झिरपताना लोहाचे तांबडे-तपकिरी पट्टे पडतात. ते लांबून तिर्यक् थरांसारखेच दिसतात. भिंग लावावे. खऱ्या थरात रेघ बदलली की कणही बदलतात, भरड मग बारीक मग भरड. लोहाचा पट्टा कणांना न जुमानता त्यांच्यावरून जातो, भेगेपाशी वळतो, कधी स्वतःभोवती बंद होतो. पेनाने त्या पट्ट्याची दिशा नोंदवली तर ती झिरपलेल्या पाण्याची असेल, नदीची नव्हे.

तिर्यक् थरांवरून जुन्या प्रवाहांची दिशा मोजण्याचे काम इंग्लंडमध्ये हेन्री सॉर्बी यांनी १८५० च्या दशकातच केले होते. विदर्भ आणि गोदावरीच्या खोऱ्यातल्या गोंडवाना वालुकाश्मांवर अशी मापे पुढे घेतली गेली आणि त्यांचे बाण ठळकपणे उत्तर ते वायव्य दिशेला निघाले. आज त्याच मुलखात वर्धा आग्नेयेला जाते, वैनगंगा दक्षिणेला, दोघींची प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. जुनी नदी याच्या उलट, दक्षिण-आग्नेयेच्या उंच भूमीकडून वायव्येकडे वाहत होती. त्या काळी भारताच्या पूर्व किनाऱ्याला अंटार्क्टिका चिकटलेला होता. जिथे आज बंगालचा उपसागर सुरू होतो तिथे तेव्हा जमीन होती आणि उतार तिकडून आत येत होता. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी दोन भूखंड फाटू लागले आणि पूर्वेला समुद्र उघडला. त्याआधीचा उतार आता फक्त या तिरक्या रेघांत शिल्लक आहे. नकाशा तो दाखवत नाही.

आमची मांडवीही आज याच पूर्वेच्या समुद्राकडे निघालेली आहे, कुकडी, घोड, भीमा आणि कृष्णेच्या वाटेने. दिवाळीनंतर मी पुन्हा पट्ट्यावर गेलो, खुरप्याने एक काप घेतला आणि तिरक्या रेघांवर होकायंत्र धरले. सुई थांबेपर्यंत पाण्याकडे मुद्दाम पाहिले नाही. मग मान वर केली. रेघांनी सांगितलेल्याच दिशेने पाणी चालले होते.