चिमट्याची परीक्षा

"हे स्वप्न तर नाही ना? चिमटा काढून बघ!" आपण हे सहज म्हणतो, कारण स्वप्नात दुखत नाही असं आपण धरूनच चालतो. वास आणि चव यांच्याबद्दलही तेच. आणि याला पुरावा म्हणून एकच आकडा सगळीकडे फिरतो: १ टक्का.

तो आला १९९८ च्या माँट्रियलच्या अभ्यासातून. झाद्रा, नील्सन आणि डोंडेरी यांनी १६४ जणांकडून घरी पडलेली ३,३७२ स्वप्नं गोळा केली. निम्म्याहून थोड्या जास्त स्वप्नांत आवाज होते, वास किंवा चव मात्र सुमारे १ टक्क्यातच. पण ‘स्वप्नात कधी वास किंवा चव आली आहे का?’ असं थेट विचारल्यावर सुमारे ३३ टक्के पुरुष आणि ४० टक्के बायका ‘हो’ म्हणाल्या. हा दुसरा आकडा फारसा कुणी सांगत नाही.

मला या १ टक्क्याबद्दल शंका आहे. दुबईतल्या एखाद्या मॉलच्या दारात बखूरचा धूर तुमच्या नाकात शिरतो. रात्री आईला फोनवर त्या मॉलबद्दल सांगताना तुम्ही दुकानं सांगता, गर्दी सांगता, वासाचं नावही घेत नाही. जागेपणीच्या हकिगतीतूनही जो गळतो, तो स्वप्नाच्या वहीत उतरला नाही म्हणून मेंदूत नव्हताच, असं कसं म्हणायचं?

वेदनेचा पुरावा जास्त ठोस आहे. १९९३ मध्ये नील्सन यांच्या गटाने रेम झोपेत असलेल्या लोकांच्या पायाभोवती रक्तदाब मोजतात तसला पट्टा आवळला. अशा ४२ स्वप्नांपैकी १३ मध्ये दुखलं. म्हणजे चिमट्याची परीक्षा नापास! २००२ मध्ये त्यांनी भाजलेल्या २८ रुग्णांची ६३ स्वप्नं तपासली. १९ मध्ये वेदना होती. मात्र ती ३९ टक्के रुग्णांनाच आली. बाकीचेही भाजलेलेच होते, तरी स्वप्नात दुखलं नाही. म्हणजे शरीरातली वेदना स्वप्नात शिरू शकते, पण शिरतेच असं नाही.

‘झोपेत थॅलॅमस इंद्रियांचं दार लावून घेतो’ हे नेहमीचं उत्तर इथे पुरत नाही. वासाची वाट थॅलॅमसला वळसा घालून थेट मेंदूच्या सालीपर्यंत जाते. मग तो सगळ्यात जास्त यायला हवा. मिखाएल श्रेडल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये झोपलेल्यांच्या नाकाशी गुलाबाचा आणि सडक्या अंड्यांचा वास सोडला. स्वप्नात गुलाब आला नाही, अंडीही आली नाहीत. पण गुलाबाने स्वप्नाची भावना सुखद झाली, अंड्यांनी बिघडली. वास पोचला होता, फक्त वास म्हणून नाही. स्वप्नाच्या वहीत ‘वास आला का?’ एवढंच विचारलं, तर अशी स्वप्नं ‘नाही’च्या रकान्यात जातात.