पात्र बदललं की कथेचं कारणही बदलतं

नागराज मंजुळेंचा 'सैराट' २०१६ साली आला आणि दोनच वर्षांत शशांक खेतान यांनी हिंदीत त्याचा 'धडक' केला. करमाळ्याकडची आर्ची उदयपूरच्या हवेलीतली पार्थवी झाली, परश्याचा मधुकर झाला. मराठी प्रेक्षक यावर चिडला. नुसत्या भाषाभिमानातून एवढा राग येत नाही.

आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पोरांना दमात घेते. हे धाडस तिला पाटलाच्या घरातून मिळालेलं आहे. आणि ज्या घराण्याच्या जोरावर ती निर्भय आहे, तेच घराणं तिच्या जिवावर उठतं. मासेमारी करणाऱ्या घरातल्या, खालच्या मानलेल्या जातीच्या परश्याशी तिनं लग्न केलं, एवढंच त्याला कारण पुरतं. म्हणून शेवटचा रक्तपात अनपेक्षित असूनही अटळ वाटतो.

'धडक'मध्ये मधुकरच्या वडिलांचं तळ्याकाठी रेस्टॉरंट आहे आणि जात ओझरत्या उल्लेखापुरती उरते. दोन घरांमधलं अंतरच कमी झाल्यावर खुनाचा भार पार्थवीच्या वडिलांच्या राजकीय प्रतिष्ठेवर येतो. हा भार त्या प्रतिष्ठेला पेलत नाही. शेवटही बदलला: मधुकर आणि मूल मरतात, पार्थवी जिवंत राहते. 'सैराट'मध्ये दोघंही मारले जातात आणि मागं मूल उरतं. या हिंसेचा वारसा कुणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न त्या मुलामुळे उभा राहतो. 'धडक'मध्ये तो पुसला गेला.

मग मूळ माणूस जसाच्या तसा ठेवायचा का? याचं उत्तर नागपुरातल्या एका खऱ्या माणसाच्या गोष्टीत आहे. तिथल्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे क्रीडाशिक्षक होते. झोपडपट्टीतल्या पोरांना त्यांनी फुटबॉलकडे वळवलं. मंजुळेंच्याच 'झुंड'मध्ये (२०२२) ते विजय बोराडे झाले आणि अमिताभ बच्चन पडद्यावर आले. नाव बदललं, चेहरा बदलला, तरी कथा उभी राहिली. कारण तिचा कणा मास्तरांच्या चेहऱ्यात नाही, पोरांच्या वस्तीत आहे. ती पोरं नागपूरचीच घेतली, त्यांची बोली ठेवली, आंबेडकर जयंतीही ठेवली. बच्चन यांच्या मोठेपणामुळे मास्तर कधी कधी उद्धारकर्ता वाटू लागतात, ही किंमत मात्र मोजावी लागलीच.

रूपांतर तपासताना म्हणूनच एक प्रश्न विचारावा: हे वैशिष्ट्य काढलं तर पुढच्या घटना घडायला कारण उरतं का? उरत असेल तर बदल खुशाल करावा. आर्ची साकारणाऱ्या रिंकू राजगुरूनंच 'सैराट'चा कन्नड अवतार 'मनसु मल्लिगे' केला, पण मूळ चेहरा कायम राहिला म्हणून कथेचं कारण आपोआप कायम राहत नाही. ते पटकथेतच जपावं लागतं.

चाहत्यांचा राग तीव्र होतो तो ओळखीमुळे. गावातल्या कित्येक मुलींना आर्चीत पहिल्यांदाच आपला रंग, आपला बांधा, आपली बोली नायिकेच्या जागी दिसली होती. ती जागा पुन्हा नेहमीच्या गोऱ्या, नाजूक चेहऱ्याकडे गेली तेव्हा आपल्यालाच बाजूला सारल्याचं दुःख झालं. हे दुःख खरं आहे. पण ते पार्थवी साकारणाऱ्या जान्हवी कपूरवर काढणं अन्याय आहे. पार्थवीची पार्श्वभूमी तिनं ठरवली नव्हती. जाब विचारायचा तो पटकथा लिहिणाऱ्याला आणि पैसा लावणाऱ्याला.